वाऱ्याचा रकाना

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. नवी नवरी आत भाजी निवडत बसली होती आणि बाहेरच्या खोलीत तिचे सासरे आणि मोठी नणंद यांची चांगलीच जुंपली होती. नणंद वेधशाळेत नोकरीला. ठरलेल्या वेळी पाऊस, वारा, उष्णता मोजायची आणि वहीत भरायची. तापामुळे तिची एका सकाळची नोंद हुकली होती, आणि साहेब म्हणत होते, अंदाजाने आकडा घाल.

"मग घाल की," सासरे म्हणाले. "कालचा होता त्याच्या आसपासचा टाक. आभाळ काय तपासायला येणार आहे?"

"मी बघितलं नाही, मी लिहिणार नाही."

"साहेबाच्या मनातून उतरशील."

"उतरले तर उतरले. तो रकाना रिकामा राहील."

तेव्हा भावजयीला या बाईची धास्तीच बसली. दोन इयत्ता शिकलेली ती. वहीतल्या एका आकड्यापायी कोणी बापाशी भांडतं, हे तिला नवीन होतं. पुढे धास्तीचं कौतुक कधी झालं, तिचं तिलाही कळलं नाही. नणंदेने लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिली, आणि निवृत्त झाल्यावरही मनगटावरचं घड्याळ उतरवलं नाही. पोरंबाळं तिला घड्याळआत्या म्हणायची. चहाला दोन मिनिटं उशीर झाला तर ती बोलायची नाही, नुसतं मनगटाकडे बघायची. बोललेलं परवडलं असतं.

अशा घरात इंटरनेट तुटायला लागलं.

भावजयीची सून घरी बसून दुभाष्याचं काम करायची. दूरच्या दवाखान्यात डॉक्टर एक भाषा बोलणार, रोगी दुसरी, आणि पडद्यावर ही मधे बसून याचं त्याला सांगणार. एका बाईला डॉक्टर ऑपरेशन समजावत होते, "आणि यात धोका असा की" इथपर्यंत आलं आणि पडदा थिजला. परत लागेपर्यंत सहा मिनिटं गेली. ती बाई तेवढा वेळ त्या धोक्यापाशी टांगलेली. महिन्यात असं दोनदा झालं होतं. कंपनीने कळवलं, तिसऱ्यांदा झालं तर यादीतून नाव काढू.

सून इंटरनेटवाल्यांना फोन करून करून थकली. दर वेळी तेच: इंटरनेटचा डबा बंद करून चालू करा. तोवर लाइन आपोआप आलेली असायची, आणि तक्रार "निवारण झाले" म्हणून बंद व्हायची.

"किती वाजता गेलं होतं?" घड्याळआत्याने विचारलं.

"आत्या, सारखंच जातं हो."

"सारखं म्हणजे किती वाजता?"

 आत्याने कपाटातून एक कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत खिडकीजवळच्या डब्यासमोर खुर्ची टाकून बसली. डब्यावर एक दिवा होता. लाइन तुटली की तो लाल व्हायचा. लाल झाला की वेळ, विझला की वेळ. दिवसातून तीनदा वेगाची चाचणी. ती कशी करायची हे तिने सुनेकडून शिकून घेतलं. वायफायवर नाही, थेट वायर जोडून, म्हणजे घरातल्या भिंतींना दोष द्यायला नको. भावजय जेवणाचं ताट तिथेच आणून द्यायची.

"वन्सं, जरा पाठ टेका. दिवा काही पळून जात नाही."

"जातो. म्हणूनच बसलेय."

अकरा दिवसांनी सून पत्र लिहायला बसली. तिने सुरुवातच दणक्यात केली: दिवसभर सेवा बंद असते, वेगही अजिबात मिळत नाही.

"हे खोड," आत्या म्हणाली. "वेग मिळतो. शंभराचं कबूल केलंय, चौऱ्याण्णवच्या खाली एकदाही आला नाही."

"अहो, पण हे लिहिलं तर ते म्हणतील, मग रडताय कशाला?"

"म्हणू देत. एकोणीस वेळा तुटलं. त्यातल्या दोन वेळा घरातली वीजच गेली होती, त्या वेगळ्या लिही. मंगळवारी दुपारी दोन ते चार मी झोपले होते, तेही लिही."

सुनेने सासूकडे बघितलं. "आई, तुम्ही तरी सांगा. माझी नोकरी आहे ही."

भावजयीला सुनेचं पटत होतं. पण सांगायचं कोणाला? जी बाई स्वतःची डुलकीसुद्धा कागदावर चढवते, तिच्यापुढे आपण काय बोलणार. "लिही गं," ती म्हणाली. "त्यांचं त्या बघतील."

शेवटी पत्र साधंच झालं. ग्राहक क्रमांक, आधीच्या पाच तक्रारींचे क्रमांक, चाचण्यांचे आकडे, आणि सतरा वेळांचा तक्ता: लाइन कधी गेली, कधी आली. सगळ्यात लहान खंड दोन मिनिटांचा, सगळ्यात मोठा एक्केचाळीस. खाली एकच मागणी: सात दिवसांत माणूस पाठवून खांबापासून घरापर्यंतची वायर तपासावी. तक्त्याला शेवटी एक जास्तीचा रकाना होता. वारा. तो काढायला आत्या तयार होईना. वेळेपुढे वारा लिहायचा, हे तिच्या हातालाच लागलेलं होतं.

दोघी नणंद-भावजया पत्र घेऊन ऑफिसात गेल्या. खिडकीवरच्या मुलीने वरवर चाळलं.

"आजी, वेग तर छान आहे की तुमचा. मग तक्रार कसली?"

"पाणी फोर्साने येतं, पण नळ मधेच बंद होतो. त्याची," आत्या म्हणाली. "पोच द्या."

मुलीने प्रतीवर शिक्का मारला. आत्याने शिक्क्याखाली वेळही लिहून घेतली.

चौथ्या दिवशी शिडी घेऊन एक तंत्रज्ञ आला. भावजयीने त्याला आधी पाणी देऊ केलं, पण तो पत्राची प्रत हातात घेऊनच उभा होता.

"हा वाऱ्याचा रकाना कोणी लिहिला?"

"मी. काही चुकलंय?"

"हे चार, पाच काय आहे?"

"पानं हलली तर दोन, डहाळ्या सारख्या हलल्या तर तीन, लहान फांद्या हलल्या तर चार, लहान झाडं डोलली तर पाच."

त्याने तक्त्यावरून बोट खालपर्यंत नेलं. "आजी, तुमची लाइन चाराच्या खाली एकदाही तुटलेली नाही. आमच्याकडे इतकी वर्षं पत्रं येतात, पण त्यात नुसत्या शिव्या असतात." मग तो डब्याकडे न जाता सरळ कोपऱ्यावरच्या खांबावर चढला.

वायर खांबाला करकचून बांधली होती. वारा आला की ती ताणायची आणि बांधल्या जागी मुडपायची. त्याने तेवढा तुकडा काढून नवा जोडला, सैलसर वळसा ठेवला आणि जुना तुकडा सोलून भावजयीच्या तळहातावर ठेवला. आत काचेचा केस होता. केसाएवढाच.

"यातून उजेड जातो, काकू. तुमच्या सूनबाईंचं बोलणं म्हणजे हा उजेड. जास्त वाकवलं की बाहेर सांडतो."

भावजयीने तळहात डोळ्यांजवळ नेला. दूर कुठल्या तरी बाईच्या पोटातला धोका, डॉक्टरांचं समजावणं, सुनेचा आवाज, सगळं या एवढ्याशातून. आणि तो उजेड कुठे सांडतो, हे खुर्चीत बसून झाडाकडे बघणाऱ्या म्हातारीने पकडलं. तिला एकाएकी त्या तुकड्यावर श्वास पडायचीही भीती वाटली.

"वन्सं, तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"छे. मी फक्त लिहिलं." आणि तंत्रज्ञाला म्हणाली, "आता वायर हलवून दाखवा."

त्याने हलवली. त्याच्या उजेड मोजायच्या मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. सून आतून म्हणाली, "चालू आहे, आत्या." 

आत्या पुढचे दहा दिवसही खुर्ची सोडीना. त्यात दोनदा पाचाचा वारा झाला, दिवा लाल झाला नाही, आणि सुनेचं नाव यादीत राहिलं. मग आत्याने स्वतःच्या हाताने दुसरं पत्र लिहिलं: दहा दिवसांत खंड शून्य, तक्रार बंद करावी.

"हे कोण वाचणार आहे?" भावजय म्हणाली. "आणि गेल्या आठवड्यापासून धाप लागतेय तुम्हाला. पोराला पाठवते."

"तक्रार माझ्या नावावर आहे."

ती एकटीच गेली. खिडकीपाशी रांगेत उभी राहिली, पत्र दिलं, प्रतीवर शिक्का घेतला, शिक्क्याखाली वेळ लिहून घेतली, अकरा वाजून बावीस. घरी येऊन प्रत फाइलला लावली. त्यानंतर ती कुठे बाहेर गेली नाही; धापेने अंथरूण धरलं ते शेवटपर्यंत. पण त्या दिवशी मात्र ती चपला काढून, हात धुऊन, ठरलेल्या वेळी जेवायला बसली.