खोडलेले सोळा

माझा थोरला भाऊ बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवतोय, पण स्वतःची चूक कबूल करायचं त्याच्या अगदी जिवावर येतं. काल माझ्या लेकीने त्याला सराव पेपरचा फोटो पाठवला. त्यात किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचा आलेख होता: सुरुवातीला आठशे, सहाव्या दिवशी चारशे, बाराव्या दिवशी दोनशे. चोवीस दिवसांनी किती भाग उरेल, असा प्रश्न होता. तिने एक छेद सोळा लिहिलं होतं.

दादाने फोनवर तिला झापलं. "एक छेद आठ येतं. पायाच कच्चा आहे तुझा."

आज सकाळी तो चपला न काढताच आत आला आणि तिच्यासमोर बसला.

"अर्धायुकाल चारच होते गं. पण मोजताना मी सुरुवातीचे आठशेच पहिले धरले आणि शंभरावर थांबलो. चार वेळा निम्मं केलं की पन्नास उरतात. तुझंच बरोबर होतं."

तिने वही पुढे केली. सोळा खोडून खोडून कागद विरला होता.

"मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, काका. दर वेळी सोळाच आलं," ती म्हणाली. "मग म्हटलं, आपल्याला फिजिक्स जमणारच नाही."