दालचिनी रंगाचे आजोबा

काशोएरा गावात नदीवरच्या पुलाकडे जाताना डाव्या हाताला वाल्दोमिरोचं केशकर्तनालय लागतं. माणूस कामाला चोख, पण तोंडाने फटकळ आणि स्वतःच्या रूपाबद्दल भलताच हळवा. टाळूवर एक केस उरला नव्हता, तरी रोज सकाळी आरशासमोर उभा राहून कानांवरच्या दोन झुलपांना असं तेल लावायचा, जणू गावात लग्नाला उभा आहे. त्याचा रंग कोळशाच्या जवळचा, पण कुणी विचारलं की ठासून सांगायचा, "मी दालचिनी रंगाचा."

"दालचिनी?" त्याची थोरली बहीण देर्सी म्हणायची. "अरे, दालचिनी जळून तव्याला लागली, की तुझा रंग येतो. माझाही तोच. मी लपवते का?"

बायको गेल्यावर वाल्दोमिरो एकटाच होता. मग मुलगी रोझिल्दा तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी आली. ती इस्पितळात परिचारिका होती; नवरा क्लेबेर ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा उगवायचा. गोरा, चेहऱ्यावर ठिपके, पोरीवर जीव टाकणारा, पण पाय घरात न टिकणारा. पोरीचं नाव इयास्मीन. रोझिल्दा कामावर गेली की तिला सांभाळायचं काम आजोबांचं. पोर दिवसभर दुकानात बसायची, गिऱ्हाइकांना पाणी द्यायची आणि कुणाचे केस वाकडे कापले गेले तर खरं बोलायची.

ती तीन वर्षांची होणार, तेव्हा आजोबांनी गावातल्या सगळ्यात मोठ्या दुकानातली सगळ्यात मोठी बाहुली उचलून आणली. गोरीपान, निळे डोळे, कमरेपर्यंत पिवळे केस. हातात धरून भर रस्त्यातून मिरवत आणली.

इयास्मीनने तिला बघितलं, मान झुकवून नमस्कार केला आणि दुकानातल्या खुर्चीत बसवलं. जेवायची वेळ झाली तरी बाहुली तिथेच.

"अगं, तिला घरात घे की," आजोबा म्हणाले.

"ती पाहुणी आहे. तिची बस यायची आहे."

दुसऱ्या दिवशीही बस आली नव्हती. पोर तिला अदबीने कॉफी विचारायची, पण कडेवर घेत नव्हती, झोपवत नव्हती. कुशीत घ्यायला तिच्याकडे एक जुना मोजा होता. रोझिल्दाचा. त्यात चिंध्या भरून ती त्याला "बाळा" म्हणायची. मोजा तपकिरी होता.

देर्सीने हे बघितलं आणि पोट धरून हसली. "वाल्दो, पोरीला मोज्यात घर दिसतंय आणि तुझ्या महागड्या बाईत बसथांबा!"

"पोर लहान आहे. तिला काय कळतंय?"

"कळतंय म्हणूनच पाहुणी म्हणते ना! या घरात तशी दिसणारी कोण आहे, सांग. शनिवारी बाजारात चल माझ्याबरोबर."

शनिवारच्या बाजारात कसावा नावाच्या कंदाच्या पिठाच्या दुकानांमागे निवाल्दाबाई कापडी बाहुल्या घेऊन बसायच्या. बाहुल्या एका साच्यातून काढून नुसत्या वेगळ्या रंगवल्यासारख्या नव्हत्या. कुणाचं नाक रुंद, कुणाचे ओठ जाड. कुणाचे केस लोकरीच्या घट्ट वेटोळ्यांचे, कुणाच्या बारीक वेण्या. एका बाईच्या पाठीला पोर बांधलेलं, एका बाप्याच्याही. एक आजी चाकांच्या खुर्चीत, मजेत.

"कुणासाठी?" निवाल्दाबाईंनी विचारलं.

"नातीसाठी. तीन वर्षांची आहे," वाल्दोमिरो म्हणाला. "एक आई, एक बाप, एक पोर द्या. आणि डोळ्यांना छान चमकती बटणं लावा."

"बटणं नाहीत मिळायची. तीन वर्षांचं पोर आधी ओढून बघतं, मग तोंडात घालून. बटण निघालं तर घशात जातं. मी डोळे दोऱ्याने भरते." त्यांनी एक बाहुली त्याच्या हातात दिली. "ओढा केस. जोर लावा की, न्हावी ना तुम्ही?"

वाल्दोमिरोने जोर लावला. एक केस सुटला नाही.

"असे माझे असते तर!" तो पुटपुटला.

"आणि काय रे," देर्सी मध्येच म्हणाली, "आई, बाप, पोर म्हणे! त्या घरात बाप महिन्यातून दोनदा येतो. भात कोण भरवतं? वेण्या कोण घालतं? तुला स्वतःलाच विसरलास?"

"आजोबाची बाहुली कोण घेतं, ताई? आज्या खपतात."

"आजोबा कुणी मागतच नाही, म्हणून करून ठेवत नाही; सांगितलंत तर शिवते," निवाल्दाबाई म्हणाल्या. "आधी रंग निवडा." त्यांनी कापडाचे तुकडे ओळीने मांडले: नारळाच्या दुधापासून थेट रात्रीपर्यंत. "घरातल्या प्रत्येकाचा शोधा."

रोझिल्दाचा सापडला. क्लेबेरचाही सापडला. "ठिपके दोऱ्याने काढते," निवाल्दाबाई म्हणाल्या. इयास्मीनचा दोघांच्या मधला, मधासारखा. मग वाल्दोमिरोने हळूच दालचिनीचा तुकडा उचलला.

"हा माझा."

देर्सीने त्याचा हात धरला आणि उन्हात त्या तुकड्यावर ठेवला. पीठवाला डोकावला. मासेवाली डोकावली.

"काका, तो तुकडा तुमच्या तळहाताचा आहे," मासेवाली म्हणाली. बाजार हसला.

वाल्दोमिरोही हसला, पण हात लगेच काढला नाही. लहानपणी त्याला कुणीतरी सांगितलं होतं, दालचिनी म्हण, म्हणजे चारचौघांत चालतं. पन्नास-साठ वर्षं तो तेच म्हणत आला. नातीने तसंच म्हणत मोठं व्हायचं का? त्याने दालचिनी खाली ठेवली आणि ओळीच्या टोकाचा गडद तुकडा उचलला.

"हा घ्या. पण डोक्यावर थोडे केस द्या."

"पोरीने ओळखायला हवं ना?" निवाल्दाबाई म्हणाल्या. "कानांवर दोन झुलपं देते. हातातली कात्री कापडाचीच, शिवून टाकलेली."

देर्सीने आपल्याकडून एक मऊ कासव घेतलं, पाठीवर तीन पिल्लं घेतलेलं. "आणि हे पोरीला समजावत बसू नकोस हं, हा अमुक, तो तमुक. समोर ठेव आणि गप्प बस. तुला कधी जमलं नाही, पण बघ."

पुढच्या शनिवारी बाहुल्या घरी आल्या. वाल्दोमिरो ओठ घट्ट मिटून उभा राहिला. इयास्मीनने एकेकाला उचललं. आई. बाबा, त्यांना लगेच ट्रक दिला, म्हणजे आजोबांच्या चपलेत बसवलं. स्वतःला बघून फक्त "मी" म्हणाली, आणि मोज्याच्या बाळाला त्या 'मी'च्या कडेवर दिलं. मग म्हातारा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, टकलावर बोट फिरवलं.

"आजोबा!" ती ओरडली, आणि बाहुलीला नव्हे, खऱ्या आजोबांना मिठी मारली.

पिवळ्या केसांच्या पाहुणीचंही नशीब उघडलं. त्या दिवशी तिला घरात घेतलं, आणि पोरीने फर्मावलं, "आता ही शेजारीण. हिच्या वेण्या घाला." आजोबांना त्या निसरड्या केसांच्या वेण्या काही जमेनात. तरी बिचारे बसले.

रोझिल्दा कामावरून आली, तर बाहुल्यांचं सगळं कुटुंब जेवायला बसलं होतं. कासव सगळ्यात पुढे. तिने कापडी म्हाताऱ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"बाबा, हा दालचिनी रंगाचा नाहीये की!"

"दालचिनी संपली होती दुकानात," वाल्दोमिरो म्हणाला, आणि उठून भात वाढायला गेला.

चार दिवसांनी पोरीला वाटलं, कापडी आजोबांच्या अंगाला भाताचा वास येतो. तिने त्यांना बादलीत घालून, साबण लावून, कान धरून घासलं आणि आईकडून रस्त्याकडेच्या दोरीवर दोन चिमट्यांनी वाळत घालून घेतलं. पुलाकडे जाणारा प्रत्येक जण दुकानात डोकावून विचारू लागला, "काय वाल्दोमिरोकाका, आज लटकवलं का तुम्हाला?"

"घासून घासून हात दुखले पोरीचे," वाल्दोमिरो गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून म्हणाला. "पण बघा, रंग जरासुद्धा गेला नाही."