श्यामराव सहज येतात

कोंढ्याच्या पुढे तलावाकाठी एक गाव आहे. तिथल्या श्यामरावांना दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा जन्मजात नाद होता. एसटीत कंडक्टर होते तेव्हा हा नाद खपून जायचा. कोण कुठे चाललंय, कायले चाललंय, सोबत कोण आहे हे विचारायचा पगारच मिळत होता. निवृत्त झाल्यावर मात्र लोक कंटाळले. श्यामराव गल्लीत शिरले की बायका दारं ओढून घ्यायच्या आणि दोन्ही हात मागे बांधलेले श्यामराव ओट्यावर बसून म्हणायचे, "काई नाई, सहजच आलो." त्यांची बायको मंदाबाई म्हणायची, यांचं नाक यांच्या आधी घरातून निघते.

या नाकाचा गावाला उपयोग होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण झाला.

गावच्या तलावावरून शेतकरी आणि मच्छीमार सोसायटी यांचं जुनं वैर. शेतकऱ्यांना धानाला पाणी हवं, तर मच्छीमारांनी तलावात माशांचं बीज सोडलेलं, त्याला पाणी हवं. तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाला तुडूम म्हणतात. त्याला खाली-वर छिद्रं आणि छिद्रांना लाकडी बुचं. वरचं बूच काढलं तर वरचं पाणी जातं, खालचं काढलं तर तलाव तळापर्यंत रिकामा होतो. याच खालच्या बुचावरून शेतकऱ्यांचा हेमराज आणि सोसायटीचा कैलाश तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भिडले होते. एकाचं डोकं फुटलं, दुसऱ्याचा हात मोडला, केस झाली. दोघं तारखांना जायचे तेसुद्धा एकाच बसने, एक पुढच्या सीटवर, एक मागच्या.

शेवटी तंटामुक्ती समितीनं दोघांना बसवलं. समितीचे अध्यक्ष मारोतराव यांनी फेटे आणले, हार आणले, भंडाऱ्याहून फोटोवाला आणला. करार झाला. घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली पाणी न्यायचं नाही. बूच काढताना दोन्हीकडचा एकेक माणूस हजर पाहिजे. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तुडूमाच्या तोंडाशी कामट्यांची जाळी असते, ती मच्छीमारांनी साफ ठेवायची. केस कोर्टातून तडजोडीनं निघाली. हेमराज आणि कैलाश यांनी एकमेकांना पेढा भरवला. दोघांची तोंडं कारलं खाल्ल्यासारखी होती, पण फोटो चांगला आला.

मग मारोतराव म्हणाले, "आता यावर नजर कोण ठेवणार?" सगळे समिती सदस्य एकदम चपला शोधू लागले. भांडण मिटवायला सगळे हौशी असतात, त्यात हार मिळतो. मिटलेलं भांडण मिटलेलंच आहे का हे उन्हात जाऊन पाहण्यात काही मिळत नाही. श्यामराव तेवढे समितीच्या ओट्यावर बसून होते, कारण आत कोण काय बोलतंय ते त्यांना पूर्ण ऐकायचं होतं. काम त्यांच्या गळ्यात पडलं.

त्यांनी एकच अट घातली आणि ती करारात लिहून घेतली. काही बिघडलं तर आधी श्यामरावांना सांगायचं, ते जागेवर येऊन पाहतील तोवर कोणी कशाला हात लावायचा नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं ती कामानं भरून काढायची. गाव हसलं. मारोतराव तर म्हणाले, "श्यामराव, तुमाले भांडण पाह्यची हौस, आन् आमाले मिटवायची."

पण त्या नाकानं काम केलं, हे मान्य करायला हवं. ऑगस्टात जाळी शेवाळानं बुजली, पाणी बारीक झालं. हेमराज कोयता घेऊन जाळी तोडायला निघाला. श्यामराव त्याच्या आधी पाळीवर हजर.

"काहून, कुठं चालला बाप्पा कोयता घेऊन?"

"माह्या धानाले पानी नाई येऊन राह्यलं. त्या कैलाशनं मुद्दाम बुजवली जाळी."

"बस. मी त्याले विचारतो. तू म्हणशील तेच विचारतो, फक्त कोयता खाली ठेव."

कैलाशला वेगळं गाठलं तेव्हा कळलं की जाळीची पाळी ज्याची होती तो सासुरवाडीला पवनीला गेला होता. मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं. श्यामरावांनी कैलाशला तिथूनच पाण्यात उतरवलं, जाळी साफ करवली आणि पाणी वाहू लागल्यावर मगच हेमराजला दाखवलं. दुपारच्या जेवणाच्या आत प्रकरण संपलं. जाळी साफ करायची पाळी चुकली तर बदली माणूस द्यायचा, एवढी ओळ दोघांच्या सहीनं करारात वाढली. दोघांना एकमेकांसमोर उभं न करता मिटलं म्हणून कोणाचा आवाजही चढला नाही. श्यामराव घरी येऊन इतके खूश होते की मंदाबाईनं विचारलं, "काय जी, लाटरी लागली का?"

या साऱ्यात श्यामरावांनी शेतकऱ्यांच्या आणि मच्छीमारांच्या दोन्ही मोहल्ल्यांतलं प्रत्येक घर आणि धानाची प्रत्येक बांधी पाहिली. फक्त स्वतःची नाही. त्यांचं धान पाटाच्या अगदी शेपटाला. आपली अट करारात लिहून घेताना शेवटच्या शेतांचं काय, हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. पण आपण मध्यस्थीतले माणूस, आपलंच शेत काढलं तर लोक काय म्हणतील, म्हणून गिळला. निःपक्षपातीपणाचा असा झटका कधी कधी माणसाला येतो आणि त्याची किंमत बायको मोजते.

सप्टेंबरात पावसानं दडी मारली. धान निसवायला, लोंबी टाकायला आलं होतं. पाणी वरच्या शेतांतच जिरत होतं. मंदाबाई रोज सांगायची, "आपल्या बांधीत भेगा पडून राह्यल्या." श्यामराव म्हणायचे, "पाहतो," आणि तलावावर जायचे.

एका सकाळी कैलाश ओरडतच आला. तलाव तिसऱ्या पायरीच्या खाली गेला होता. खालचं बूच बाहेर पडलं होतं. जाळी बाजूला सरकलेली आणि बोटाएवढं बीज पाटातून वाहून गेलेलं. हेमराजचं शेत पाटावर पहिलं. कैलाशच्या मागे सोसायटीची माणसं जमली, हातात वल्ही होती. "हेमराजनंच काढलं. कोन काढंल दुसरं? वर्षाची कमाई गेली माही!"

हेमराजही घराबाहेर आला. "मी काहून काढू? मले तं वरच्या बुचानंच पानी येते!" त्याच्या हातातली काठी श्यामरावांनी पाहिली. मागच्या वेळी अशाच सकाळी, पाळीवर, दोन डोकी फुटता फुटता एक फुटलं होतं.

मारोतराव धावत आले. "श्यामराव, कोनाचंही नाव घेऊन टाका आन् मिटवा. जिल्ह्याचे तंटामुक्तीवाले परवा गाव पाह्यले येनार हायेत."

"करारात काय लिवलं?" श्यामराव कैलाशकडे वळून म्हणाले. "मी पाह्यतो तोवर?"

"हात लावायचा नाई," कैलाश दात चावत म्हणाला.

"आन् तू हेमराज?"

"हात लावायचा नाई."

"तं मंग वल्हे ठेवा. काठी ठेव. पहिले बूच बसवा. दोघं मिळून बसवा."

सगळे तलावावर गेले आणि दोघांनी मिळून बूच बसवलं, एकमेकांकडे न पाहता. मग श्यामराव पाटाच्या काठाने चालू लागले, मागे दोन्ही मोहल्ले. हेमराजच्या शेतात पाणी शिरायची मोरी चिखलानं बंद होती आणि चिखल वाळलेला होता. म्हणजे इथे पाणी शिरलंच नव्हतं. हेमराजनं छाती फुगवली. पुढच्या शेताची मोरीही बंद. त्याच्या पुढचीही. पाणी सगळ्यांना ओलांडून गेलं होतं. श्यामरावांना आता मजा येऊ लागली होती, तपासाची मजा, तिकिटाविना बसलेला प्रवासी सापडणार अशी. पावलं झपझप पडू लागली.

पाट जिथे संपतो तिथे एक बांधी पाण्यानं डबडबलेली होती आणि धानाच्या बुंध्यांमधून कैलाशचं बीज मजेत पोहत होतं. काठावर लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, पडली होती. श्यामराव ओरडणार होते, "सापडला!" मग त्यांनी बांध ओळखला. सब्बलही ओळखली.

मारोतराव त्यांच्या कानाशी आले. "गपचूप परत चला. कोनाच्या लक्षात नाई आलं."

सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. श्यामरावांना मात्र क्षणभर खरंच वाटलं की परत फिरावं. उभी हयात त्यांनी दुसऱ्याची अब्रू दारातून वाकून पाहिली होती, आपली उघड्यावर कशी दिसते ते आज कळत होतं. पण परत फिरले तर नाव हेमराजवर चिकटेल आणि मग काठ्या खाली ठेवा म्हणायला तोंड राहणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. त्यांना विलक्षण लाज वाटली.

"हे माहं शेत हाये," ते म्हणाले. "हेमराजनं काई नाई केलं."

मंदाबाई शेताच्या धुऱ्यावरून आली, पदर खोचलेला. "मीच काढलं बूच. रोज सांगते यायले, धान मरून राह्यलं. हे म्हनतात, पाहतो. साऱ्या गावाची मोरी पाह्यते हा मानूस, घरची नाई पाह्यत. कैलाशभाऊ, तुमचं नुकसान कराचं नव्हतं मले. वरचं बूच जड होतं, खालचं हलत होतं, तेच निघालं."

कोणीतरी फिसकन हसलं. मग हेमराज हसला. मग कैलाशलाही राहवलं नाही, पण त्यानं हसू गिळून विचारलं, "आता करारात काय लिवलं, काका?"

श्यामरावांनी स्वतः सांगितलं. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं कामानं भरायची. बांधीतलं बीज पिंपात भरून तलावात परत सोडायचं आणि हंगाम संपेतो जाळी साफ करायची. आणि एक ओळ वाढवायची, जी आधीच असायला हवी होती. पाण्याची पाळी आता शेपटाकडून सुरू होईल. हेमराज थोडा कुरकुरला. कैलाश म्हणाला, शेपटाचं शेत भिजलं तर खालचं बूच कोणी काढणार नाही, मला चालते. दोघांनी सही केली. मारोतरावांनी फोटोवाल्याला बोलावू का विचारलं, त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

जाळी साफ करायला मंदाबाईनं साफ नकार दिला. "मी चूक केली, बीज मी पकडते. जाळी तुमच्या लक्ष न देन्याची भरपाई हाये."

दुसऱ्या सकाळी श्यामराव छातीभर पाण्यात उभे होते. कंडक्टरची पँट मांडीपर्यंत दुमडली होती, त्याचा काही उपयोग नव्हता. शेवाळ हाताला बिलगत होतं. पाळीवर पावलं वाजली. वर पाहिलं तर हेमराज आणि कैलाश, दोघांनी दोन्ही हात मागे बांधलेले.

दोघं पाळीवर शेजारी बसले. हेमराजनं तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी उघडली, कैलाशपुढे धरली. कैलाशनं चिमूट घेतली.

"काहून आले बे?" श्यामरावांनी विचारलं.

"काई नाई काका," कैलाश म्हणाला, "सहजच आलो."

"खालची बाजू राह्यली," हेमराज म्हणाला. "आमी उद्या पुन्हा येतो."

श्यामरावांनी नाक दाबलं आणि खालच्या बाजूसाठी पाण्यात बुडी मारली.