नाव ठेवण्याआधी

ती कोणालाही पटकन उत्तर द्यायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं थांबामावशी. नाव ठेवलं तिच्या धाकट्या भावाने, आणि तेही कौतुकाने नव्हे. त्याची रोपवाटिका होती. गिऱ्हाइकांसाठी त्याने फोनवर बागवाल्यांचा एक ग्रुप काढला होता. लोक कुंडीत उगवलेल्या कोंबाचा फोटो टाकायचे आणि विचारायचे, हे काय आहे? त्यावर मावशीचं उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दाचं असायचं, "थांबा."

मावशीची सगळी नोकरी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत गेली होती. ओल्या कागदावर बी पसरायचं, उगवू द्यायचं, आणि कोणतं रोप सरळ, कोणतं आजारी, कोणतं भलत्याच जातीचं ते बघायचं. रोपाचं बालपण तिला पाठ होतं, झाड मोठं झालं की मात्र तिला त्यात विशेष रस उरत नसे. "मोठं झाल्यावर कोणीही ओळखतं," ती म्हणायची.

एकदा बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी बदामाच्या आकाराच्या दोन पानांचा फोटो टाकला आणि विचारलं, मुळा की कोबी? मावशीने लिहिलं, "ही बीजपानं आहेत. बियातच घडी घालून ठेवलेली असतात, ती आधी उघडतात. मुळा, कोबी, मोहरी, सगळ्या घराण्याची बीजपानं अशीच बदामी. घराणं कळलं, माणूस कळला नाही. मधून खरं पान येऊ द्या, मग फोटो टाका."

गृहस्थांनी लिहिलं, "माझ्या फोनमधलं ॲप तर लगेच सांगतं, कोबी."

"मग ॲपलाच विचारा," मावशीने लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, गिऱ्हाईक आहे ते. दोन गोड शब्द बोललीस तर काय बिघडेल?"

"गोड बोलायला माझी हरकत नाही. खोटं बोलायला आहे."

"अगं, कोबी म्हणाली असतीस तर कोणाचं काय जाणार होतं?"

"माझं गेलं असतं," ती म्हणाली. भावाने फोन ठेवून दिला.

मग एका दुपारी ग्रुपवर वसतिगृहाचा फोटो आला. परिचारिकांचं शिक्षण घेणाऱ्या मुली तिथे राहायच्या. स्वयंपाकघराची मुख्य बाई मोठी उत्साही होती. तिने मागच्या अंगणातली पडीक जागा मुलींकडून खणून घेतली होती आणि भावाच्या रोपवाटिकेतून पालकाचं बी आणून पेरलं होतं. आता वाफा हिरवागार झाला होता. फोटोखाली तिने लिहिलं होतं, "आमचा पालक. दाटी झालीय, म्हणून उद्या विरळणी करणार. काढलेली कोवळी पानं उद्याच्याच जेवणात." खाली शाबासकीचे अंगठे आणि फुलं पडत होती. भावानेही लिहिलं होतं, "आमच्या बियाण्याची कमाल."

मावशीने फोटो मोठा केला, चष्मा पुसला आणि आणखी मोठा केला.

ओळीत उगवलेली रोपं पालकाचीच होती. रिबिनीसारखी लांब, अरुंद बीजपानं, आणि मधोमध चमच्याच्या आकाराची खरी पानं, जोडीने आलेली. पण दोन ओळींच्या मधे, आडवीतिडवी, दुसरीच काही रोपं उभी होती. त्यांचीही बीजपानं लांबट होती, म्हणून वरवर बघणाऱ्याची नजर सहज घसरून जावी. पण ती दोन्ही टोकांना निमुळती होती, भाल्याच्या पात्यासारखी, आणि मधली शीर ठळक. खरी पानं जोडीने नव्हती, एकामागून एक येत होती. पहिलं टोकदार, कडा साधी. एका रोपाला पुढचं पानही आलं होतं, आणि त्याच्या कडेला एक कोपरा बाहेर आल्यासारखा दिसत होता. तो दात होता की सावली, ते फोटोत कळेना.

या वेळी तिने थांबा लिहिलं नाही. तिने लिहिलं, "हे खाऊ नका. ओळींच्या मधली रोपं पालक नाहीत. धोतरा असावा. सावलीत, बाजूने, जवळून फोटो काढा, आणि शेजारी बोट धरा, म्हणजे आकार कळेल. तोवर एक पानही तोडू नका."

पहिलं उत्तर बँकेतल्या गृहस्थांचं आलं. "ॲप म्हणतंय पालक."

"ॲपला वाफ्यातलं बहुसंख्य दिसतं," मावशीने लिहिलं. "मी अल्पसंख्याकांबद्दल बोलतेय."

कोणीतरी हसरा चेहरा टाकला. कोणीतरी लिहिलं, मावशींना पालक आवडत नसावा. स्वयंपाकघरातली बाई मात्र गप्प होती. संध्याकाळच्या जेवणाच्या धांदलीत तिचा फोन कुठेतरी कोपऱ्यात पडलेला असणार.

भावाचा फोन यायला वेळ लागला नाही. "ताई, तो मजकूर काढून टाक. माझ्या बियाण्यात धोतरा आहे असं तू चारचौघांत सांगतेयस."

"मी बियाण्याचं नावही काढलेलं नाही. वाफ्यात काय उगवलंय ते सांगितलं."

"लोकांना त्यातला फरक कळतो का? आणि तुला तरी कुठे खात्री आहे? असावा, असं लिहिलंयस."

"धोतऱ्याची पक्की खात्री नाही, म्हणून असावा लिहिलं. पालक नाही, याची आहे. खाण्यापुरतं तेवढं पुरे."

"तू काढतेस की मी काढू?"

"तुझा ग्रुप आहे. काढ. मी पुन्हा लिहीन."

त्याने तिचा मजकूर काढला. तिने पुन्हा लिहिला. मग त्याने तिलाच काढलं. फोनच्या पडद्यावर एक करडी ओळ उमटली, आपण आता या ग्रुपमध्ये नाही. मावशी त्या ओळीकडे बघत बसली. राग आला होता, आणि रागाच्या तळाशी वाईटही वाटत होतं. याच भावाला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण वाईट वाटून घ्यायला पुढे सवड मिळणार होती, उद्याचं जेवण मात्र थांबणार नव्हतं. तिने वसतिगृहाचा नंबर शोधून फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

सकाळी उजाडताच ती बसने निघाली. वसतिगृहाच्या मागच्या दाराने ती सरळ स्वयंपाकघरात शिरली तेव्हा मुख्य बाई ओट्याशी उभी होती. तिच्यासमोर एक मोठं घमेलं होतं, आणि त्यात धुतलेली कोवळी पानं.

"तुम्ही त्या थांबामावशी ना?" बाई म्हणाली. "तुमचा मजकूर मी रात्री उघडायला गेले, तर तो नव्हताच. तुमच्या भावाला विचारलं. ते म्हणाले, पालकच आहे, ताईंचा काहीतरी गैरसमज झालाय."

"ही पानं वाफ्यातली?"

"हो. मुलींनी पहाटेच विरळणी केली. मुळं आणि खालची पानं कापून टाकली, वरची तेवढी ठेवली."

मावशीने घमेल्यात हात घातला. चमच्यासारखं पान, टोकदार पान, परत चमच्यासारखं. बरीच चुरगळलेली, काही अर्धवट तुटलेली. बीजपानं कुठेच नाहीत. "सगळ्यांत बोलकी खूण तुम्ही कापून टाकलीत," ती म्हणाली. "चला, वाफा दाखवा."

वाफ्यात अजून बरीच रोपं शिल्लक होती. मावशी गुडघे मोडून मातीत बसली. ओळीतलं एक रोप मुळासकट उपटलं, मधलं एक उपटलं, आणि दोन्ही बाईच्या तळहातावर शेजारीशेजारी ठेवली.

"हे बघा. याची खालची पानं रिबिनीसारखी. याची भाल्यासारखी. पालकाचं देठ गुळगुळीत. आता या दुसऱ्याचं देठ उजेडात धरा. बारीक लव दिसते?"

बाईने रोप डोळ्यांजवळ नेलं. "दिसते."

"आणि हे वरचं पान. कडेला दात." काल सावली वाटलेला कोपरा आता स्वच्छ दिसत होता. मोठ्या रोपांना तसे दोन-दोन, तीन-तीन दात होते. मावशीने पान चुरगळून बाईच्या नाकाशी धरलं. बाईने मान झटकन मागे घेतली. तो वास भाजीचा नव्हता, उग्र आणि कुबट होता.

"आता असावा नाही," मावशी म्हणाली. "धोतराच. हात धुवा, डोळ्यांना लावू नका."

बाईने दोन्ही रोपं वाफ्याच्या कडेला ठेवली. मग म्हणाली, "घमेल्यातून निवडून काढू? दातवाली पानं बाजूला करते. नाहीतर चांगलं उकळून घेते."

"उकळून विष जात नाही. आणि पहिल्या पानांना दात नसतात. चुरगळलेल्या ढिगातून मीसुद्धा ती सगळी काढू शकणार नाही. काढली असं म्हणाले तर तो खोटेपणा होईल."

"मुली किती खूश आहेत, ठाऊक आहे? हातांना फोड आले त्यांच्या खणताना. वरून प्राचार्यबाई जेवायला येणार आहेत. आणि मी काय सांगू, टाकून दिलं?"

"तसंच सांगा. माझं नाव सांगा. थांबामावशीने ओटा अडवला म्हणा." आणि ती खरोखरच स्वयंपाकघरात जाऊन घमेल्यापुढे उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. बाईने तिच्याकडे बघितलं, मातीने माखलेल्या तिच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि घमेलं उचललं. कचऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तिने ते स्वतःच्या हाताने उपडं केलं आणि वर माती ओढली. जेवणात बटाटा झाला. मुली कुरकुरल्या, पण बाईने दोन्ही रोपं बशीत ठेवून त्यांना दाखवली, तेव्हा गप्प झाल्या. औषधशास्त्र शिकणाऱ्या एकीने धोतऱ्याचं नाव ऐकताच हातातलं रोप खाली ठेवलं आणि हात धुवायला गेली.

दुपारी भाऊ आला. बाईनेच त्याला बोलावून घेतलं होतं, आणि कोणत्या शब्दांत ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. वाफ्याच्या कडेला उभं राहून तो म्हणाला, "माझं बी साफ आहे, ताई."

"आहेच," मावशी म्हणाली. "ओळी बघ. तुझ्या बियाण्यातून आला असता तर धोतरा ओळीत उगवला असता. हा मधे विखुरलाय. पडीक जमीन होती, जुनं बी वर्षानुवर्षं मातीत पडून होतं. खणलं, उजेड लागला, उगवलं. तुझ्यावर काही बोट नाही."

भावाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. "मग हे काल का नाही सांगितलंस?"

"काल मला ग्रुपवर बोलायला कुठे ठेवलंस?"

तो बुटाच्या टोकाने ढेकूळ फोडत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "रात्रीच परत घेणार होतो तुला. घेतो आत्ता."

"नको."

"राग धरू नकोस गं."

"राग आहे, पण रागापोटी नको म्हणत नाहीये. तुला तिथे माल विकायचा असतो, मला रोप ओळखायचं असतं. उद्या खरोखर तुझ्याच बियाण्यात काही निघालं तर तू परत मला काढशील. मी माझी वेगळी बसते. ज्याला विचारायचंय त्याने मला थेट विचारावं."

जाताना पालकाच्या नव्या बियाण्याची पुडी भावाने बाईच्या हातात ठेवली. मावशीने ती त्याच्यादेखत फोडली, बी तळहातावर ओतून बोटाने पसरून बघितलं, आणि मगच बाईला पेरायला दिलं. त्याला ते झोंबलं असणार. पण तो तपासणी संपेपर्यंत उभा राहिला.

वाफ्यातलं सगळं उपटून, पाणी घालून, वर येईल तो धोतरा पुन्हा काढून टाकायचं ठरलं. दर आठवड्याला मावशी गुडघे मोडून तिथे बसू लागली, आणि शेजारी बाई. बँकेतले गृहस्थ अजून ॲपलाच विचारतात. भाऊ कधी विचारत नाही. भावजय मात्र विचारते. गिऱ्हाइकांचे फोटो तिच्या फोनवरून येतात, खाली काही लिहिलेलं नसतं. ते कोण पाठवतंय हे मावशीला पक्कं ठाऊक आहे, आणि तिने ते अजून तोंडाने म्हटलेलं नाही.