एक ते चार बेल वाजवू नये

माझी बायको पुण्याची, मी भंडाऱ्याकडचा. भिलाईच्या प्लँटमध्ये शिफ्ट ड्युटी करत माझी नोकरी सरली. नाइट करून आलो की दिवसा झोपावं लागे, म्हणून तिनं दारावर कागद लावला होता: "दुपारी एक ते चार बेल वाजवू नये." रिटायर होऊन आम्ही भिलाईतच, रिसालीच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा तिनं तोच मजकूर नव्या कागदावर लिहून चिकटवला. जेवण झालं की दोघांचे फोन बंद, पडदे ओढलेले.

यावरून मी तिला फार छळायचो. समोरच्या फ्लॅटमध्ये ओडिशाचं एक जोडपं राहतं, दोघंही नोकरीवाले. त्यांची जास्तीची किल्ली आमच्याकडे असते. मे महिन्यात त्या मुलाचे वडील गावाहून आले. पंच्याहत्तरीचे, मितभाषी. एका संध्याकाळी चहाला बोलावलं, तर त्यांनी कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "ये क्या लिखा है?"

मला तेवढंच हवं होतं. मी त्यांना हिंदीत सगळं समजावलं. पुण्यात जुने दुकानदार दुपारी शटर ओढून घरी जेवायला जातात, वामकुक्षी घेतात नि चारनंतर उघडतात. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. घरांतही तोच कायदा. मग विनोद सांगितले. अडीच वाजता चोर शिरतो, तर यजमान कूस न बदलता म्हणतात, "कपाट चारनंतर उघडेल." यमदूत येतो, त्याला दारातली पाटी वाचून जिन्यात बसावं लागतं. गंमत झोपेत नाही, झोपतात तर सगळेच. पुण्याचा माणूस ते पाटी लावून, शुद्ध भाषेत तोंडावर सांगतो, त्यात गंमत आहे, हेही सांगितलं.

आजोबा हसले नाहीत. गंभीरपणे मान हलवत राहिले. मला वाटलं, विनोद पोचलाच नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी चारला आम्ही उठलो. फोन सुरू केला तर समोरच्या मुलाचे अकरा मिस्ड कॉल. मी लावला, तर तो जवळजवळ रडतच बोलला, "अंकल, बाबूजी फोन नहीं उठा रहे, मैं रास्ते में हूँ, जरा देखिए ना!"

त्यांची किल्ली घेऊन आमचं दार उघडलं, तर आजोबा जिन्याच्या पायरीवर बसलेले. डोक्यावर ओला गमछा. जिन्याच्या जाळीतून लू, उन्हाळ्यातला भट्टीसारखा वारा, आत येत होती. बाल्टीतलं पाणी कुंड्यांना घालायला बाहेर आले आणि वाऱ्यानं दार लागलं, लॅच पडला. फोन आत. दीड वाजल्यापासून ते आमच्या बेलपासून चार हातांवर बसून होते. बाल्टीत उरलेल्या पाण्यात गमछा भिजवत होते.

त्यांना हाताला धरून आत आणलं, कूलरसमोर बसवलं. बायकोनं मीठ-साखरेचं पाणी दिलं, मग कैरीचं पन्हं. ती त्यांच्या कपाळाला पुन्हा पुन्हा हात लावून पाहत होती.

"अडीच तास!" ती माझ्यावर उखडली. "तुमच्या त्या विनोदांमुळे."

"मले काय माहीत, ते खरं मानून घेतील!"

मी आजोबांना विचारलं, "घंटी क्यों नहीं बजाई?"

"आप सोए थे," ते सहज म्हणाले. "हमारे गाँव में पखाल खाके आदमी सोता है। उसको कोई नहीं उठाता।" पखाल म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेला भात, इकडे छत्तीसगढी लोक बासी खातात, तसाच. तो पोटात गेला की डोळे आपोआप मिटतात. मी ज्याला थट्टा समजत होतो, तो त्यांच्या घरचा साधा रिवाज होता. विनोद त्यांना पूर्ण कळला होता; फक्त त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

तेवढ्यात मुलगा धापा टाकत आला. बापाला पन्ह्याचा पेला हातात धरून बसलेलं पाहिलं आणि तिथंच फरशीवर बसला. आम्ही थर्मामीटर लावला. ताप नव्हता. आजोबांनी लघवी झाल्याचंही सांगितलं, म्हणजे अंगातलं पाणी आटलं नव्हतं, तेव्हा बायकोचा जीव भांड्यात पडला. तरी आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, पाणी पीत राहा म्हणाले, घरी पाठवलं.

रात्री ते चार पोळ्या जेवले. आमच्याकडेच. बायको वाढत होती, मी बघत होतो, आणि दुपारपासून छातीवर ठेवलेला दगड उतरल्यासारखं वाटत होतं.

सकाळी बायकोनं कागदाखाली हिंदीत एक ओळ वाढवली: "जरूरत हो तो बजाइए, जोर से." आजोबांनी ती मोठ्यानं वाचली आणि पहिल्यांदाच खदखदून हसले.