हिरव्या साडीवालीचं नाव

पारोळ्यात रतिलाल नानांना फोटो दाखवणं म्हणजे चहाचं निमंत्रण देण्यासारखंच. चष्मा कपाळावरून खाली घ्यायचा, बोट फिरवायचं आणि कोण कुणाची सून, कुणाची मावशी हे सांगत सुटायचं. आयुष्यभर गावात टपाल वाटलेला माणूस, चेहरे विसरणार कसा? या खोडीवर आम्ही सगळेच जीव टाकतो.

यंदा दुकानदार कुंदनने कानबाई देवीच्या विसर्जनाचा फोटो तो चालवत असलेल्या गावाच्या फेसबुक पानावर टाकला. पुढे एकीच्या डोक्यावर कानबाई, मागे बायांची गर्दी. नानांनी खाली एकेकीचं नाव लिहिलं, मोठ्या मायेनं. फक्त हिरव्या साडीतल्या सारिकाचं टाळलं. शिरपूरचं सासर सोडून ती इथे गावात मावशीकडे लपून राहत होती आणि मारकुटा नवरा तिला शोधत फिरत होता. नाव टाळलं की झालं, असं नानांना वाटलं.

तिथेच नाना फसले. संध्याकाळी एका अनोळखी खात्यावरून तिचाच चेहरा कापून, भोवती लाल वर्तुळ काढून प्रश्न आला: "नाना, बठ्ठासना नावे सांगात, मंग हाई हिरवी साडीवाली कोन?"

विचारणाऱ्याला फक्त खात्री करून घ्यायची आहे, हे नानांनी ओळखलं. सगळ्यांची नावं सांगून त्यांनीच तिला एकटी उघडी पाडली होती. "ही सारिका नाही" म्हणावं, तर तेही उत्तरच झालं. खोटं नाव द्यावं, तर दुसऱ्याच कुणा बाईच्या दारात भलता माणूस उभा राहायचा. म्हणून त्यांनी आपली सगळी नावं पुसली आणि तडक कुंदनचं दुकान गाठलं. कुंदन म्हणाला, रस्त्यावरचा फोटो आहे, ती स्वतःच मिरवणुकीत आली होती, मग लपवायचं काय?

"ती कानबाईसाठे उनी व्हती," नाना म्हणाले. "गर्दीमा दिसनी, म्हणीसन तिनं नाव सांगानी परवानगी कोनी दिधी?"

कुंदननं वर्तुळाचा फोटो काढून टाकला आणि मूळ फोटोच्या जागी गच्चीवरून काढलेला दूरचा फोटो लावला, ज्यात चेहरे नुसते ठिपक्यांएवढे दिसत होते. पण कुणी फोटो उतरवून घेतला असेल, तर तो परत येणार नव्हता. नानांनी हे सारिकाला घरी जाऊन सांगितलं, माफी मागितली आणि पोलिसांकडे सोबत येतो म्हणाले. मावशीला घेऊन तिघं गेलेही.

चार दिवसांनी नानांना फोन आला. शिरपूरकडचा गोड आवाज, नाना, फक्त नाव तेवढं सांगा म्हणत होता.

"त्या बठ्ठ्या कानबाईन्या लेकी शेतस, भाऊ," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

आता नाना भर बाजारात कुणालाही नावानं हाक मारत नाहीत. परवा सारिका समोरून आली. जुनी सवय ओठांपर्यंत आली होती, पण नाना नुसते म्हणाले, "बरी शे ना माय?" ती हसली, अगदी त्या फोटोतल्यासारखी.