दशलक्षातला तक्ता

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी बँकेत आम्ही तिघे बसलो होतो: कर्ज विभागाच्या बाई, आमच्या यंत्रमागधारक संस्थेचे अध्यक्ष आणि खजिनदार म्हणून मी. चौतीस सभासदांकडून प्रत्येकी चाळीस हजार घेऊन जमवलेले तेरा लाख साठ हजार खात्यात होते. एवढा आमचा हिस्सा भरला की नारपोलीत सुताला कांजी चढवायच्या सामायिक कारखान्याला कर्ज मिळेल, असे मीच पत्रक काढून सर्वांना कळवले होते.

बाईंनी प्रकल्प अहवाल माझ्याकडे वळवला. "काका, हा तक्ता दशलक्षात आहे. १३.६ म्हणजे एक कोटी छत्तीस लाख."

अहवाल करून देणाऱ्या सल्लागाराने मजकूर कोटीत लिहिला होता, यंत्रांचा तक्ता लाखांत आणि सभासदांच्या हिश्श्याचा दशलक्षात. आधीचा लाखांत होता म्हणून मी हाही लाखांतच धरला. बेरीज तीनदा तपासली. ती कुठल्याही एककात जुळलीच असती. प्रकल्प सहा कोटी ऐंशी लाखांचा आणि हिस्सा वीस टक्के, हे मजकुरात स्पष्ट होते. ते वीस टक्के मी एकदाही काढून पाहिले नाहीत.

"म्हंजे माणशी चार लाख," अध्यक्ष म्हणाले. "कोन देनार? माझे आठ लूम भंगारात घातले तरी न्हाय व्हायचे."



महिन्याभरात कारखान्याचा विषय संपला. सल्लागाराला ठरलेले तीन लाख चाळीस हजार दिले आणि चौतीस सभासदांना प्रत्येकी तीस हजार परत केले.